सगळ्यांना म्यूट

सर स्वतःला वर्गातून कधी वगळत नसत. नियम केला की त्यात ते धरूनच असायचे. सांगोल्याकडच्या शाळेत, म्हणे, उशिरा येणाऱ्याने दाराशी पाच मिनिटं उभं राहायचं असा नियम होता. एकदा एसटी पंक्चर झाली, तेव्हा सर स्वतः दाराशी पाच मिनिटं उभे राहिले आणि पोरं आत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. "नियम सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. एक जण वगळला की तो नियम नाही, ती दादागिरी," असं ते म्हणत. पुढे जे झालं, ते या सवयीमुळेच झालं असं मला वाटतं. माझ्यामुळेही झालं. ते नंतर सांगते.

निवृत्तीनंतर सर सोलापुरात आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला आले, ते बायकोच्या उपचारांसाठी. काकूंची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं कुणाला समजत नसे. सरांना समजायचं. बाहेरच्या माणसांशी बोलताना सर पुस्तकासारखं मराठी बोलत. काकूंशी बोलताना त्यांची भाषा थेट गावाला पोचायची. मी त्यांच्याकडे संध्याकाळी मराठीसाठी जायचे. मी इंग्रजी शाळेतली, नववीत. वही पुढे ठेवायची आणि जमिनीकडे बघायचं, एवढंच मला यायचं. सरांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. माझ्या वहीतले निबंध आई लिहून द्यायची. त्याबद्दलही काही म्हटलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये आमच्या शाळेच्या मराठीच्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. आईने मुख्याध्यापिकांना सरांचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, एक तास घेऊ दे, मग ठरवू. ही बातमी सांगायला आम्ही गेलो तेव्हा सर काकूंचे पाय चेपत होते. ते थांबले. "ताई, दोन वर्षं झाली मी खडू धरला नाही," ते आईला म्हणाले. "शिकवत असलो तर मी मास्तर. नाहीतर नुसता रोग्याजवळचा माणूस." मग इस्त्रीचा सदरा आहे का ते बघायला लगेच उठले.

फोनवर ऑनलाइन वर्ग कसा घ्यायचा ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तालमीला वर्गात दोघंच, सर आणि मी. ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या. मी मेसेजवर एकेक पायरी लिहून पाठवली होती. वर्ग त्यांच्या नावाने उघडणार म्हणजे होस्ट, यजमान, ते. मुलांनी स्वतःहून माइक सुरू करू नये, असं शाळेचं सांगणं होतं, म्हणून ती परवानगी बंद कशी करायची ते दाखवलं. 'सगळ्यांना म्यूट' दाखवलं. त्यांनी ते दाबलं, माझ्या माइकवर लाल रेघ आली आणि सर म्हणाले, "झालं. आता दोघंही गप्प." त्यांचं ते वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. ते गंमत करताहेत असं मला वाटलं. ते बटण यजमानाला सोडून बाकीच्यांना गप्प करतं, हे मी सांगायला हवं होतं. पण माझा माइक बंद होता, आणि तो सुरू करा असं लिहिणंसुद्धा मला जड गेलं.

कॅमेऱ्याबद्दल मी लिहिलं होतं, "दिसायचं नसेल तेव्हा कॅमेऱ्याचं चित्र दाबा." त्यांच्या फोनवर कॅमेऱ्याची चित्रं दोन होती. खालचं बंद करण्याचं. वरच्यात कॅमेऱ्याभोवती दोन वाकडे बाण होते. ते दाबलं की पुढचा कॅमेरा जाऊन पाठचा सुरू होतो.

सोमवारी दहाला आम्ही बेचाळीस जण हजर होतो. कॅमेरे बहुतेकांचे बंद, पडद्यावर नुसती आद्याक्षरं. सरांचा फोन टेबलावर एका फुलपात्राला टेकवून ठेवलेला असायचा, मला माहीत होतं. फुलपात्र बुटकं, त्यामुळे फोनची वरची बाजू मोकळी, आणि फोन मागे रेललेला असल्याने त्याची पाठ किंचित खाली बघणारी. टेबलापलीकडे काकूंची बाज होती.

पहिली वीस मिनिटं सर फार छान शिकवत होते. वर्णन कसं लिहायचं ते सांगत होते. "सुंदर हा शब्द आज कुणी वापरायचा नाही, मीसुद्धा नाही," असं म्हणाले आणि शेवटपर्यंत खरंच वापरला नाही. नेहमी चॅटमध्ये चित्रं टाकत बसणारी मुलंसुद्धा गप्प होती. मग त्यांनी सांगितलं, "आज सकाळी खिडकीतून काय दिसलं, दहा ओळी. दहा मिनिटं. या वेळात वर्गात कुणीही बोलणार नाही." सगळ्यांना म्यूट केलं. चष्मा काढला, दहा मिनिटांचा गजर लावला, आणि बोट वरच्या चित्रावर टेकवलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतून त्यांचा चेहरा गेला. चष्म्याशिवाय त्यांना एवढंच कळलं असणार. चेहरा गेला, म्हणजे कॅमेरा बंद.

आमच्या पडद्यावर बाज आली. चादर, औषधाच्या बाटल्या, एक प्लॅस्टिकची बादली आणि काकू.

"व्हय व्हय, आलो की," सरांचा आवाज आला. मग ते स्वतः चौकटीत आले, आमच्याकडे पाठ करून. काकूंचं लुगडं ओलं झालं होतं. पुढचं मी पाहिलं नाही, फोन पालथा घातला. आवाज मात्र येत राहिला. वर्गाच्या मुलामुलींचा एक वेगळा ग्रुप होता, तो टुणटुण वाजू लागला, तेव्हा फोन उचलून तेवढाच उघडला. 'OMG record करा.' 'व्हय व्हय आलो की.' हसण्याची पिवळी तोंडं, ओळीच्या ओळी.

त्या वर्गात कुणालाच माइक सुरू करता येत नव्हता. चॅट सर उघडत नसत. हात वर केल्याची खूण त्यांना दिसली नसती. फोन करणं एवढा एकच मार्ग होता. रिंग वाजली असती, वर्गाचा आवाज तुटला असता. सरांचा नंबर त्या बेचाळिसांत एकट्या माझ्याकडे होता. मी आईच्या फोनवर तो काढला. 'मराठी सर.' अंगठा नावावर ठेवला.

तेवढ्यात काकूंनी काहीतरी विचारलं असावं.

"बेचाळीस हायती," सर म्हणाले. "तोंडं दिसत न्हाईत. शेजारची तन्वी? हाय की तीबी. तिला मराठी लिवता येत न्हाय गं. वहीत समदं आईचं अक्षर. आपल्याच भाषेत पाहुनी हाय ती पोरगी. कीव येती."

ग्रुपवर एकाने लिहिलं, 'पाहुनी तन्वी.' मग सगळ्यांनीच.

मी आईचा फोन बंद केला आणि तिच्या उशीखाली ठेवून आले. घाईने नाही. हे मला नीट आठवतं.

काकूंनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उलटवला, नुकत्याच बदललेल्या चादरीवर; हे मी नंतर मुलांनी काढलेल्या चित्रफितीत पाहिलं. त्यानंतरचं वाक्य पुढे सगळ्या सोलापूरभर फिरलं. "मर की एकदाची. तू बी सूट, मी बी सुटतो." त्यानंतर सर बाजेच्या कडेला बसले, पदराने काकूंचं तोंड पुसलं, त्यांचं डोकं बराच वेळ छातीशी धरून ठेवलं. हा भाग कुणी पुढे पाठवला नाही.

गजर वाजला, तसं मी पुन्हा वर्गाच्या पडद्याकडे बघितलं. सर टेबलाशी आले, तेच वरचं चित्र दाबलं, चेहरा परत आला. चष्मा लावून त्यांनी परवानगीचं बटण सुरू केलं. "झालं लिहून? कोण वाचतंय?"

एक मुलगा हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाला, "व्हय व्हय, आलो की."

हसण्याचा लोंढा आला. सर आधी थोडं हसले, कारण मुलं हसत होती. मग थांबले. कोपऱ्यातल्या चौकटीकडे वाकून बघितलं. हळूच वरचं चित्र दाबलं, बाज दिसली. परत दाबलं, स्वतः दिसले. पुन्हा बाज. शेवटी तिथेच बोट ठेवून ते उभे राहिले, आणि काकू आमच्याकडे बघत होत्या. मी बाहेर पडले. नंतर कळलं, वर्ग बंद करायचं लाल बटण त्यांना सापडलंच नाही. मुलं एकेक करून कंटाळून निघून गेली.

मुख्याध्यापिकांनी दुपारी फोन करून नको म्हणून सांगितलं. पालकांच्या तक्रारी होत्या. अशा माणसासमोर आमची मुलं बसवायची का, वगैरे. चित्रफीत मी त्या आठवड्यात एकदाच पूर्ण पाहिली, एका मैत्रिणीकडे. मी फोन उशीखाली ठेवायला गेले तेव्हा सर पुढे बोलत होते. "पन कान चांगला हाय तिचा. आईकती. आईकनारं पोर शिकतं. वरीसभरात असं लिवील की आईला वाचून दाखवील."

आठव्या दिवशी सर आमच्या दारात आले. खोल्या सोडून सांगोल्याला निघाले होते; टेंपोत काकूंची बाज चढत होती. आई आत होती. त्यांनी मला विचारलं, "तू त्या दिवशी होतीस ना गं वर्गात?"

"नेट गेलं होतं सर," मी म्हणाले. "सुरुवातीलाच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. "म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस."

"नाही."

"बरं झालं. फार बरं झालं." त्यांनी ओट्यावरच बैठक मारली. "मग तुझा तास बुडाला की. बस. टेंपोवाला थांबतोय."

आणि त्यांनी मला तो पाठ पहिल्यापासून शिकवला. खिडकी, दहा ओळी, सुंदर हा शब्द वापरायचा नाही. त्याच उत्साहाने, त्याच क्रमाने. मी मान हलवत राहिले. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. उठताना ते म्हणाले, "या गावात तुझ्या एकटीच्याच तोंडाकडं बघता येतंय मला. म्हणून आलो."

मी वर बघितलं. ते बघत होते, मन भरेपर्यंत. मी त्यांना बघू दिलं.