मास्तरांच्या चुकांचं सूचनापत्रक

पर्यवेक्षकांना परीक्षेआधी शाळेत जे दोन पानी सूचनापत्रक वाटतात, ते खरं म्हणजे चित्रकलेच्या मास्तरांचं चरित्र आहे. वर नाव नाही, एवढंच. ‘उशिरा आलेल्यास वाढीव वेळ देऊ नये’ हे वाक्य आलं, कारण एका रडवेल्या मुलाला मास्तरांनी परस्पर अर्धा तास बहाल केला आणि अख्खा वर्ग ‘आम्हाला पण’ म्हणून उठला. ‘प्रश्नाचा अर्थ सांगू नये’ हीदेखील त्यांचीच कृपा. शंका एका बाकाची, पण मास्तरांनी असं काही रंगवून समजावलं की तीन बाकांची उत्तरं जुळी निघाली.

सातव्या कलमाची मात्र ते थट्टा होऊ देत नाहीत. ‘संशय आला तरी हिसकावाहिसकावी करू नये, विद्यार्थ्याला लिहू द्यावे.’ पूर्वी एका मुलाची उत्तरपत्रिका त्यांनी खसकन ओढली होती. सापडली काय, तर आईच्या औषधांची चिठ्ठी. चौकशीत पंचवीस मिनिटं गेली आणि त्या मिनिटांबरोबर त्या पोराचा पेपरही.

यंदाची गणिताची फेरपरीक्षा ही मास्तरांची निवृत्तीआधीची शेवटची.

“अहो, आज तरी नवं कलम लिहायला लावू नका हं,” डबा हातात देताना बायकोने बजावलं. “पाठपोट भरलंय ते पत्रक.”

जोडीला विज्ञानाचे नवे सर होते. कडक इस्त्री, त्याहून कडक चेहरा. दहाला पेपर सुरू झाला आणि दहा बावीसला एक मुलगी धापा टाकत दारात आली.

“घरी जा,” नवे सर म्हणाले.

“सर, बस बंद पडली. आज नापास झाले तर वर्ष जाईल हो माझं!”

“साडेदहापर्यंत घ्यायचं असतं,” मास्तर मधे पडले. त्यांनी हॉल तिकीट घेतलं, पुढून पाहिलं, उलटून पाहिलं. मग उशिराच्या नोंदवहीत वेळ लिहिली, शेजारी ‘हॉल तिकिटाची मागची बाजू कोरी’ असं टिपलं आणि तिची सही घेतली. “वेळ वाढवून मिळणार नाही, बाळ. आधी पाणी पी, मग लिही.”

अकराच्या सुमारास तिने हात वर केला. “सर, चौथ्या प्रश्नात ‘आकृती पाहा’ म्हटलंय. आकृतीच नाहीये.”

खरंच नव्हती! प्रश्नाच्या शब्दांत वर्तुळ होतं, स्पर्शिका होती, सगळे अंश होते. मास्तरांची बोटं खडूकडे वळली. आयुष्यभर सफरचंदं आणि सुरया काढलेल्या माणसाला वर्तुळ ते काय? पण त्यांनी हात मागे बांधले. “मी काही सांगू शकत नाही. वर कळवतो. तोवर पुढचा प्रश्न घे.” शंका जशीच्या तशी कागदावर लिहून त्यांनी शिपायाबरोबर परीक्षाप्रमुख बाईंकडे धाडली.

दहा मिनिटांनी नवे सर कुजबुजले, “मास्तर, हॉल तिकिटाच्या मागे काहीतरी आहे. सारखी बघतेय. पकडतो!”

ते झेपावणार, तोच मास्तरांनी त्यांची बाही धरली. “सात नंबर.”

“अहो, पण पुरावा...”

“पळून जातोय का तो?”

मास्तर हळूच बाकाजवळ गेले. हॉल तिकीट मागून घेतलं, उत्तरपत्रिकेत ती पोचली होती तिथे वेळ टाकून सही केली आणि म्हणाले, “घाबरू नकोस. लिहीत राहा.” मुलीचा चेहरा पांढराफटक पडला, पण पेन थांबलं नाही. मास्तरांचा जीव तिथे भांड्यात पडला.

नव्या सरांनी अहवालात ‘नक्कल करताना पकडले’ असं लिहायला घेतलं.

“दिसलं काय ते लिहा,” मास्तर म्हणाले. “ठरवायला बाई आहेत.”

बाई आल्या. हॉल तिकिटाच्या मागे पेन्सिलीने वर्तुळ, स्पर्शिका, अंश. त्यांनी नोंदवही उघडली, दहा बावीसची ओळ वाचली, पेपर काढणाऱ्या शिक्षकांनी दिलेली मूळ आकृती शेजारी ठेवली आणि हसल्या. “बाहेरून आणलेलं नाही हे. नसलेली आकृती इथेच बसून काढलीय पोरीने.” मुलीला त्यांनी एवढंच सांगितलं, “कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर करायचं. हॉल तिकिटावर पुन्हा नाही.”

मग त्या मास्तरांकडे वळल्या. “आकृती तिन्ही खोल्यांत फळ्यावर द्यायचीय, सगळ्यांना दहा मिनिटं वाढवून. काढता?”

मास्तरांनी खडू असा उचलला, की जणू पदकच मिळालं. इतकं गोल वर्तुळ त्या फळ्याने कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या खोलीत तर त्यांनी स्पर्शिकेला हलकी छटाही द्यायला घेतली.

“मास्तर!” दारातून बाई ओरडल्या. “छटा नको! नाहीतर कलम वाढवावं लागेल.”