चारशेचे चार

परळीच्या एका कॉलेजात मी कंट्रोल सिस्टीम शिकवतो. चाचणीत बोडे आलेख, म्हणजे कोणत्या वारंवारतेला यंत्रणा किती प्रतिसाद देते त्याची रेघ, हाताने काढायला दिला होता. वर चारशे गुणिले (s+2), खाली s, (s+10) आणि (s+20). नमुना उत्तर माझंच. चारशेचे डेसिबल बावन्न, म्हणून एक या वारंवारतेला माझी रेघ बावन्नावर होती.

एका मुलीची बारावर होती. तिचे उतार बरोबर होते, दोन, दहा, वीसला मोड बरोबर होते आणि फेजचा, म्हणजे कोनाचा, आलेख माझ्याशी तंतोतंत जुळत होता. मी मॅग्निट्यूडचे, म्हणजे रेघेच्या उंचीचे, सहा गुण कापले. ती दोन गुणांनी नापास झाली.

पेपर घेऊन ती वर्गात पुढे आली. "सर, चारशेचे चारच उरतात."

"बाकीचे कोणी चोरले का गं?" मी म्हणालो. वर्ग हसला.

"नापास झाले तर घरी बसवणार हायेत, सर," ती हळूच म्हणाली.

चार दिवसांनी तेच उदाहरण फळ्यावर सोडवायचं म्हणून वर्गात जाण्याआधी मी वहीत पुन्हा मांडलं. आधी प्रत्येक कंसाला (1+s/2) असं 'एक अधिक'चं रूप द्यायचं असतं. वरून दोन बाहेर येतात, खालून दहा आणि वीस. आठशे भागिले दोनशे, म्हणजे चार. डेसिबल बारा. माझी अख्खी रेघ चाळीसने वर होती. स्थिरांक फेजला हलवत नाही, म्हणून फेजचा आलेख जुळला होता.

गुण दुरुस्त करून मी सिरसाळ्याला तिच्या घरी गेलो.

"आता कावून आलात, सर?" वडील म्हणाले. "दाखला काढलाय. लगीन बी ठरलंय."

पाणी देताना तिने विचारलं, "वर्गाला सांगितलंत का?"

मी सांगितलं नव्हतं.