डांबर, गाडगी आणि विहीणबाई

आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आणि ओव्हरसियरच्या घराला गळती लागली म्हणजे त्याचं नाकच कापलं जातं. पिपरी मेघेच्या तिमजली इमारतीत सगळ्यात वर आमचा ब्लॉक. पहिल्याच पावसाळ्यात छत गळलं, तसं ह्यांनी गच्चीवर डांबराचा जाड थर दिला. गळती थांबली. उन्हाळा लागला आणि त्या काळ्या थरानं दिवसभर ऊन प्यायला सुरुवात केली. सूर्य मावळला की खालचा स्लॅब ते सगळं आमच्या अंगावर ओकायचा.

"पण गळतं का?" हे विचारायचे.

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. आठवा महिना सरत आलेला, त्यात चैत्र. तिनं उकाड्याबद्दल सासरी भाबडेपणानं लिहिलं आणि नाचणगावहून विहीणबाईंचा निरोप आला: पुढच्या शनिवारी येतो, खोली पाहतो, नाई जमलं तर सूनबाईले घेऊन जातो. पहिलं बाळंतपण माहेरून उठून सासरी गेलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? मला रडूच आलं.

तेवढ्यात हे आठ दिवसांच्या दौऱ्यावर गेले. हे मोटारीत बसले आणि मी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

हा मिस्त्री म्हातारा, ह्यांच्याच हाताखाली काम केलेला. मी म्हटलं, "माझं केळझरचं माहेर मातीचं हाय, भरउन्हात थंड. इथं बी हातभर माती टाकून द्या."

तो हसला. "बाई, तिथं दोन हाताच्या भिंती हायेत. त्यातून ऊन अंदर येता येता दिवस मावळते. हा पाच इंचाचा स्लॅब, याले कायचा दम? अन् हातभर मातीचं वजन टाकलं त खालच्यांच्या ताटात येऊन बसान तुम्ही."

"मंग?"

"गाडगी आना. भट्टीत तडकलेली बी चालतीन."

लेकीच्या खोलीपुरती दोनेकशे लहान गाडगी बैलबंडीतून आली. कुंभारानं विचारलं, "बाई, कार्य काय हाय?" मी म्हटलं, "विहीण येनार हाय." तो भराभर गाडगी उतरवू लागला.

मिस्त्रीनं डांबरावरच गाडगी पालथी मांडली, फटीत माती भरली, वर चुना आणि विटांच्या चुऱ्याचा पातळ थर दिला आणि शेवटी पांढऱ्याशुभ्र चुन्याचे दोन हात. पांढरा रंग ऊन परतवतो, जे आत शिरेल ते गाडग्यातल्या कोंडलेल्या हवेत अडकतं, असा त्याचा हिशेब. काम झालं आणि त्या रात्री खोली होती तशीच. मी त्याच्यावर उखडले.

"बाई, स्लॅबच्या पोटात जुनं ऊन हाय. आता वरून झाकलं, त ते खालीच निघन. रातभर खिडक्या खुल्या ठेवजा, सकाळी लावजा. दोन-तीन दिवस द्या त्याले."

तिसऱ्या दुपारी मी खाटेवर उभी राहून छताला हात लावला. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखं लागलं. मी खाटेवरच बसून हसत सुटले.

शुक्रवारी हे आले. लेकीच्या खोलीत शिरले, छत चाचपलं, आणि काय म्हणाले असतील? "पाहिलंस? डांबर मुरलं आता." मी मान डोलावली. लेकीनं तोंडावर पदर धरला.

शनिवारी भरदुपारी विहीणबाई आल्या. खोली पाहिली, छताकडे पाहत खाटेवर बसल्या. ह्यांना दम निघेना. डांबराचं कौतुक सांगत ते त्यांना गच्चीवर घेऊन निघाले, मागून मी, आणि शेवटच्या पायरीवर ते थबकले. निम्मी गच्ची काळी, निम्मी पांढरी.

विहीणबाईंनी चप्पल काढून पांढऱ्यावर पाय ठेवला. उभ्या राहिल्या. मग काळ्यावर ठेवला आणि "अगं माय!" करून परत पांढऱ्यावर उडी मारली.

"काहो, तुमचं डांबर इथं पांढरं काऊन झालं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे.

"डांबर खाली आहे," हे पडलेल्या आवाजात म्हणाले.

खाली येऊन विहीणबाईंनी पिशवी उघडली. मला वाटलं, आता लेकीचे कपडे भरणार. त्यांनी पिशवीतलं स्वतःचं लुगडं काढून खुंटीवर टाकलं. "आमच्या घरावर टिनं हायेत. पोरगी इथंच राहीन. अन् मी बी राह्यतो, नातू होईस्तोवर."

नात झाली, भर वैशाखात. बाळ, बाळंतीण आणि विहीणबाई गाडग्यांखाली दुपारभर गाढ झोपायच्या. विहीणबाईंचं घोरणं आम्हाला पलीकडच्या खोलीत स्पष्ट ऐकू यायचं, कारण आम्ही दोघं जागे असायचो, डांबराखाली.

एका रात्री ह्यांनी ओला पंचा डोक्यावरून काढला आणि हळूच विचारलं, "त्या कुंभाराकडे आणखी तडकलेली असतील का गं?"