उंच गाडी आन तिची शिडी

माझ्या पोराचे दोन्ही पाय जन्मल्यापास्नं आत वळलेले. डॉक्टर म्हनले, घाबरू नका, दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, पाय थोडा थोडा सरळ करत न्यायचा, बरं हुतंय. पर आठवडा चुकवायचा न्हाई. आन घरी एकच बघत ऱ्हायचं, प्लास्टरच्या पुढनं पायाची बोटं दिसत्यात का. बोटं आत गेली म्हंजी प्लास्टर सरकलं, मंग ते आठवडाभराचं काम वाया.

म्हनून मी सारखी बोटंच बघायची. भाकरी थापताना बघायची, अंगावर पाजताना बघायची. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हनायच्या, "अगं, नजर लावशील आईच्याच डोळ्याची."

आमची वस्ती तिसगावापास्नं आत हाय. फाट्यापत्तोर यायला एसटी न्हाई, वडापची जीप भरल्याबिगर हलत न्हाई, आन हॉस्पिटलात प्लास्टरचा वार एकच, त्योबी सकाळचाच. म्हनून मोटारसायकल. आमच्या घरची जुनी गाडी म्हंजी बुटकी, मागचे शॉकअप पार बसलेले. मी पोराला मांडीवर घिऊन एका अंगाला बसायची, आमच्या घरात सुनांनी तसंच बसायचं आसतं. ओढ्यातल्या दगडावर गाडी आली की इंजिन खाली घासायचं, खर्र करून, आन मागचं चाक उडलं की माझं बूड सीटवरनं सुटायचं. एका हाताला पोरगं, दुसऱ्या हाताला ह्यांचा शर्ट. पुढं बसलेल्या मानसाला अर्धंच कळतं. मागं बसनाऱ्याच्या बुडाखालीच चाक आसतं.

एक दिस हॉस्पिटलात पोचलो तर डाव्या पायाची बोटं आत गेल्ती. डॉक्टर ओरडले न्हाईत, नुसतं म्हनले, "सरकलंय." मला वाटलं ओरडले आसते तर बरं झालं आसतं. ते म्हनले, लेकरू पाय झाडतं, कशानंबी सरकतं. पर ह्यांनी घरी यिऊन आबांना सांगितलं, आबा, ह्या गाडीवर आता न्हाई जमायचं.

आबा म्हंजी माझे सासरे. मानूस वाईट न्हाई. नातवासाठी जीव टाकत्यात. लगीच म्हनले, "गाडी घिऊ. पर मी बघून घेनार."

तर आमी सगळे शोरूमला गेलो. मला का नेलं तर पोरगं पीत हुतं म्हनून. मी काचेपाशी खुर्चीवर, डोक्यावर पदर घिऊन. तिथला गाड्या दाखवनारा मानूस तोंडानं लई गोड. पहिल्यांदा साधी गाडी दाखवली. आबा धोतर सावरून खाली बसले, इंजिनाखाली वीत लावून बघितली. वीत मावंना.

"ही आमच्या म्हशीवानी हाय, पोट जमिनीला," आबा म्हनले.

"आबा, मंग ही बघा," म्हनत त्यानं उंच गाडी दाखवली. पुढचं चाक मोठं, टायरला मोठमोठे खवले. आबांनी वीत लावली, वीतभर मोकळं. आबा खूस झाले. त्या मानसानं हँडल धरून गाडी पुढनं दाबून दाखवली, ती खाली गेली आन वर आली. म्हनला, हिचा शॉकअप लांब चालतो, साध्या गाडीचा ह्याच्या अर्धाच चालतो. खड्ड्यात चाक जितकं खालीवर व्हायला जागा, तितका धक्का वर कमी येतो. टायरचे खवले मुरूम धरत्यात. पर चाक तारेचं हाय, आत ट्यूब हाय, बाभळीचा काटा घुसला की हवा लगीच जानार, हेबी त्यानं खरं सांगितलं.

मंग त्यो मला म्हनला, "वहिनी, तुमी मागं बसून बघा. हे पुढं, तुमी बाळाला घिऊन मागं. वजन पडल्यावर गाडी किती दबती ते आत्ताच कळतं. रिकाम्या गाडीची उंची खरी न्हाई धरायची."

मी उठायला लागले. खरंच उठले हुते. तवर आबा म्हनले, "बाईमानसाला शोरूममदी गाडीवर चढवता व्हय? चार लोक बघत्यात. माझा पोरगा बसलाय की, पुष्कळ झालं."

आन मी परत बसले.

हे एकटेच एक चक्कर मारून आले. आले तर तोंड फुललेलं. "आबा, गतिरोधक तर कळलासुदीक न्हाई."

"वहिनींना सीट उंच पडंल," त्यो मानूस अजून म्हनत हुता. "टांग टाकून बसल्या तर हिच्यावानी गाडी न्हाई. एका अंगाला बसायचं तर मंग विचार करा."

आबा म्हनले, "त्याचा विलाज हाय आमच्याकडं." आन तीच गाडी घेतली.

विलाज म्हंजी तिसगावचा वेल्डिंगवाला, आबांचा दोस्त. गाडीला डाव्या अंगाला, साडी चाकात जाऊ नये म्हनून, जाळी हुती, तिच्याखाली त्यानं लोखंडी पट्ट्यांची शिडी लावून दिली. दोन पायऱ्या. वरची पायरी बसल्यावर पाय टेकायला आन खालची चढायला, कारन पोरगं कडंवर घिऊन मला तेवढी टांग उचलत नव्हती. खालची पायरी पार इंजिनाच्या बुडाइतकी खाली, आन चांगली बाहेर काढलेली.

वस्तीवर सगळ्यांनी चेष्टा केली. शेजारची जाऊ म्हनली, "काय बाई थाट, इमानाला आसती तशी शिडी."

आबा म्हनले, "मंग! माझी सून काय ढेकळावरनं चढंल व्हय?"

त्यांना लई कौतिक. आन मला कळत हुतं. मी नववीतनं शाळा सोडलेली, मला यातलं काय कळायला पायजे, पर कळत हुतं. वीतभर मोकळं बघून गाडी घेतली आन ती वीत शिडीनं खाऊन टाकली. आमी दोघं बसल्यावर गाडी आजून दबनार. मी रात्रीचं ह्यांना म्हनलं तर हे म्हनले, "स्प्रिंग टाईट करून घेतो." केली बी त्यांनी, मिस्त्रीकडनं. बसल्यावर मागचं कमी दबायला लागलं. पर शिडी हुती तिथंच.

पहिल्या खेपेला ओढ्याचे दगड कवा गेले कळलं न्हाई. मला वाटलं, मीच येडी, उगं भितीया.

दुसऱ्या खेपेला ओढ्याच्या पलीकडं उसाचे ट्रॅक्टर गेल्ते. चिखलात चाकोरी पडल्याली आन उन्हानं ती वाळून कडक झाल्याली, खोल, दोन्ही अंगाला कडा. हे म्हनले, चाकोरीतनंच घेतो, मधी बाभळीच्या फांद्या पडल्यात. गाडी चाकोरीत उतरली. इंजिनाला काय लागत नव्हतं. माझ्या पायाखाली मातर कड वर वर यायला लागली. मी बघत हुते. म्हनलं, "आवं, थांबा." वाऱ्यात ऐकू गेलं न्हाई. परत म्हनलं, "आवं शिडी!"

खाडकन आवाज झाला. खालची पायरी कडंला धडकली आन मागं वाकली, गाडी डाव्या अंगाला फिरली. ह्यांनी पाय खाली सोडला, पर गाडी उंच आन खाली चाकोरी, पाय पोचायला येळ लागला. गाडी कडंवर टेकली. मी सीटवरनं घसरून कडंवरच बसले, पोरगं छातीला. त्याचे दोन्ही पांढरे पाय मी वर धरल्याले, अंडी धरावीत तसे.

कुनाला काय लागलं न्हाई. पोरगं रडलंबी न्हाई, आभाळाकडं बघत हुतं. मी आधी बोटं बघितली. धाच्या धा.

हे म्हनले, "पायरी वाकली म्हनून वाचलो. वाकली नसती तर गाडीच पालथी घातली आसती तिनं."

वरची पायरीबी मागं गेल्ती. पाय कुठं ठिवायचे? परत जावं तर वार चुकतोय. हे माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं.

"टांग टाकून बस," हे हळूच म्हनले. तिथं कुत्रंबी नव्हतं तरी हळूच म्हनले.

मी साडी गुडघ्यापत्तोर वर घेतली, पदर कमरंला खोचला आन बसले. पोरगं दोघांच्या मधी, माझ्या एका हातानं बांधल्यागत. दोन्ही पाय दोन्ही अंगाच्या खऱ्या फुटरेस्टवर. आन मंग मला त्या शोरूमच्या मानसाचं बोलनं उमगलं. खड्डा आला की चाक खाली जातंय, वर येतंय, आन मी हाय तिथंच. मोठा खड्डा आला तर गुडघ्यावर जरा उठायचं. गाडी एका अंगाला वडत नव्हती. पोराला हिसका न्हाई. मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा श्वास घेता आला.

पर फाट्याअलीकडं आबांचे चुलतभाऊ शेरडं राखत हुते. त्यांनी बघितलं. मी मान खाली घातली.

डॉक्टर म्हनले, प्लास्टर जागेवर हाय, पाय चांगला सरळ हुतोय, अजून काही आठवडे न चुकता या. मी हो म्हनलं. येताना हे वस्तीच्या वळनाला थांबले, मी उतरून एका अंगाला बसले, पाय तसेच लोंबत. पर बातमी आमच्या आधी पोचली हुती.

आबा मला काय बोलले न्हाईत. आमच्यात सासरा सुनंला रागवत न्हाई, लेकाला रागवतो, सुनंला ऐकू जाईल आसं. "आपली सून रानातनं गड्यावानी टांग टाकून गेली म्हनं. पायरी मोडली तर मोडली, सांगायचं. म्या काय मेलोय व्हय?"

हे म्हनले, "आबा, चाकोरीत पायरी आडकली. पायरीच काढून टाकू."

"काढून टाक आन नातवाला कुनाच्या खांद्यावर नेतोस?"

मी आतनं हातानं खुना करत हुते, सांगा, टांग टाकून बसल्यावर किती बरं पडलं ते सांगा. हे माझ्याकडं बघून परत खाली बघायला लागले. ते सांगायचं म्हंजी मी कसं बसले ते सांगायचं.

दुसऱ्या दिशी आबा सोताच गाडी घिऊन वेल्डिंगवाल्याकडं निघाले, आन मला म्हनले, चल, उंची मापून घेऊ. मी पोराला खांद्यावर घिऊन दुकानाच्या दारात उभी. वेल्डिंगवाला वाकल्याली पट्टी हातात घिऊन फिरवत हुता.

"पट्टी पातळ पडली," त्यो म्हनला.

"मंग जाड लोखंडी अँगल टाक," आबा म्हनले. "आता वाकायलाच नगं. माझ्या नातवाचा सवाल हाय."

मी म्हनलं, "आबा..." माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाई, मशीन चालू झाल्तं.

"त्याच्याकडं बघू नगं, डोळं जात्यात," आबा मला म्हनले, लई मायेनं, आन माझ्या आन ठिणग्यांच्या मधी यिऊन उभे ऱ्हायले. मी पोराची बोटं बघत ऱ्हायले. वेल्डिंगवाल्यानं अँगल तितकाच खाली बसवला, वर चढून दोन्ही पायांनी नाचून बघितलं.

जरासुदीक हलला न्हाई.