अस्वस्थ असणारी तीन औषधं

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. बसल्या जागी पाय हलवायचा, पेनचं टोपण काढायचं, लावायचं आणि वाचता वाचता खोलीभर फिरायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. होमिओपॅथीच्या पदवीला आली तरी ती सुटली नव्हती. आता त्यात भर पडली ती मटेरिया मेडिकाची. या विषयात औषधांची लक्षणं असतात, आणि त्यातच ती तोंडी परीक्षेत एकदा आपटली होती.

गडबड तीन औषधांची होती. अ‍ॅकोनाइट, आर्सेनिक आणि ऱ्हस टॉक्स. तिन्हींच्या पानावर एक शब्द ठळक होता, अस्वस्थता. तिला याद्या तोंडपाठ होत्या, पण परीक्षकांनी नजर रोखली की याची तहान त्याला आणि त्याची भीती याला जाऊन चिकटायची.

"तिघी जावा एकाच दारातून आल्या, तरी सासूला पावलांवरून कळतं कोण आली," तिची आई म्हणाली. आई शिवणकाम करायची आणि मशीन चालवता चालवता लेकीचा धडा ऐकायची.

"मला पावलंच ऐकू येत नाहीत गं," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा फिरायला लागली.

फेरपरीक्षेला महिना उरला होता. कॉलेजच्या ओपीडीत तिच्यासमोर एक म्हातारा रंगारी येऊन बसला. भिंती रंगवण्यात त्याची हयात गेली होती. आठवड्यापूर्वी उघड्यावर काम करताना तो ओलाचिंब भिजला, आणि तेव्हापासून कंबर धरली होती. बाकावर तो एका बाजूला वळायचा, मग दुसऱ्या. भिंगरीच्या डोक्यात लगेच घंटा वाजली, आर्सेनिक.

"पाणी थोडं थोडं, सारखं पिता ना?"

"हो."

"रात्री बारानंतर जास्त त्रास होतो ना?"

"होत असेल."

"मनात घोर लागतो, भीती वाटते?"

"वयच झालंय पोरी, वाटणारच."

पाच मिनिटांत केसपेपर भरला. तिने तो ऐटीत ओपीडीत शिकवणाऱ्या मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला.

"हे पेशंट बोललाय, की पुस्तक?"

भिंगरीने पेनचं टोपण काढलं, लावलं.

"तू उत्तरं त्याच्या तोंडात घातलीस. तो कूस का बदलतोय, हे विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. ती परत गेली, समोर बसली आणि म्हणाली, "काका, काय होतं ते तुम्हीच सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

गप्प बसणं तिला महाकठीण गेलं. पाय हलू नये म्हणून तिने एक पाय दुसऱ्यावर दाबून ठेवला. म्हातारा हळूहळू बोलता झाला. "उठताना जीव जातो बघ. पहिली चार पावलं म्हणजे शिक्षा. मग चालत राहिलो की अंग मोकळं होतं. परत बसलो की आखडतं. म्हणून एका कुशीवर टिकत नाही. शेक घेतला की बरं वाटतं."

"आणि भीती?"

"कसली भीती? घरी बसून कंटाळलोय."

तिने त्याला उठून चालायला सांगितलं. उठताना तो कण्हला, दाराशी जाईपर्यंत पाठ सरळ झाली होती.

"ऱ्हस टॉक्स," ती मॅडमना म्हणाली. "दुखतं म्हणून तो हलतोय, घोर लागलाय म्हणून नाही. आर्सेनिकचा माणूस मनातल्या घोरापायी या जागेवरून त्या जागेवर जातो, पण त्याला सुख कुठंच नसतं."

"आणि ब्रायोनिया का नाही? तेही अंगदुखीचंच औषध."

"ब्रायोनियाच्या माणसाला जरा हललं तरी दुखणं वाढतं. तो दुखरी बाजू दाबून स्वस्थ पडून राहतो."

"अ‍ॅकोनाइट?"

"त्याचं दुखणं एकाएकी येतं, वादळासारखं. मरणाची भीती. इथे आठवडा झालाय."

मॅडमनी मान हलवली. पण औषध लिहिण्याआधी त्यांनी म्हाताऱ्याच्या पायांतली ताकद तपासली, लघवीबद्दल विचारलं, एक्स-रे लिहून दिला. "लक्षण जुळलं म्हणून तपासणी सुटत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात म्हातारा आला. एक्स-रेत हाडांची झीज होती, बाकी घाबरण्यासारखं नव्हतं. उठतानाची कळ कमी होती, कंबर मात्र अजून आखडत होती. भिंगरीला "बरा झाला" लिहायची फार इच्छा झाली. मॅडम म्हणाल्या, "तो म्हणाला तेच लिही." तिने तेच लिहिलं.

फेरपरीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आर्सेनिक आणि ऱ्हस टॉक्स यांतलाच फरक विचारला. तिला यादी आठवली नाही. दाराशी जाऊन पाठ सरळ करणारा माणूस आठवला, आणि ती त्याच्याबद्दल बोलत गेली. काठावर पास झाली.

निकालाच्या दिवशी आईने मशीन थांबवून विचारलं, "आता तरी बसशील का एका जागी?"

"आता पुढच्या वर्षाची औषधं आहेत," भिंगरी म्हणाली. "त्यात म्हणे चौघी जावा आहेत."

आणि ती पुस्तक घेऊन खोलीभर फिरू लागली.