मधल्या मुळाची ट्रिक

रिसोडात राजपाल चव्हाण सरांचा क्लास कोणाला विचारून शोधावा लागत नाही. खताच्या दुकानावरचा पत्र्याचा हॉल, जिन्यावर चपलांचा ढीग आणि आतून सरांचा खणखणीत आवाज. सर मूळचे धनजकडच्या तांड्यावरचे. आई-बाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा हे पोरगं आश्रमशाळेत राहून शिकलं, एम.एस्सी. झालं. नोकरी मात्र कोणी दिली नाही. मुलाखतींना जाऊन जाऊन चपला झिजल्या, तेव्हा माणसानं चिडून क्लास काढला आणि तो असा चालला की नोकरीवाले प्राध्यापक सरांना वाकून नमस्कार करायला लागले.

क्लास चालला तो ट्रिकांवर. "समजून घेत बसान तं पेपर संपून जाईन," सर पोरांना सांगायचे, "ट्रिक पाठ करा अन् पुढं सरका." पोरांना हेच हवं होतं आणि त्यांच्या बापांनाही. दोष एकट्या सरांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, पण म्हणून तो सुटतही नाही.

या ट्रिकांतली सरांची लाडकी होती मधल्या मुळाची. त्रिघाती समीकरण दिलेलं असतं, त्यातला एक आकडा k म्हणून लपवलेला असतो, आणि तिन्ही मुळं अंकगणिती श्रेढीत, म्हणजे सारख्या अंतरानं वाढत जाणारी असतात. सर फळ्यावर x³ − 12x² + 39x + k = 0 लिहायचे. "x² चा आकडा घ्या, चिन्ह उलटं करा, तीननं भागा. बारा भागिले तीन, चार. हे मधलं मूळ. टाका समीकरणात. चौसष्ट वजा एकशे ब्याण्णव अधिक एकशे छप्पन्न, झाले अठ्ठावीस. मंग k किती? वजा अठ्ठावीस. खतम!" मुळं निघायची 1, 4, 7 आणि हॉलमध्ये शिट्ट्या वाजायच्या.

या ट्रिकेमागची गोष्ट साधी आहे. मुळांना a − d, a, a + d म्हटलं की बेरजेत d कटतो आणि 3a उरतं. आणि मुळांची बेरीज म्हणजे x² चा सहगुणक, चिन्ह बदलून, x³ च्या सहगुणकानं भागलेला. यातलं शेवटचं भागणं सरांनी वेळ वाचवायला उडवून टाकलं होतं. त्यांच्या सगळ्या शीटांमध्ये x³ च्या आधी आकडाच नसायचा, त्यामुळे कधी अडलं नाही.

अडलं ते निताला. निता राठोड, किन्हीराजाजवळच्या तांड्यावरची. बाप गोविंदसिंग दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला जाणारा. त्यानं पोरीला स्वच्छ सांगितलं होतं, "सरकारी इंजिनिअरिंगले नंबर लागला तं शिक. नाही लागला तं आमच्यासंगं फडावर चाल." सरांनी तिला फी माफ केली होती. आपल्यातलीच पोर, पुढं गेली तर आपलंही नाव होईल, असा दोन्ही बाजूंचा विचार त्यात होता.

एक दिवस निता उभी राहिली. "सर, x³ च्या आंदी आकडा असला तं?"

सरांना उत्तर ठाऊक होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण भरल्या वर्गात ट्रिकेला बोट लावलेलं त्यांना खपलं नाही. "असा आकडा पेपर काढणाऱ्याले नाही सुचत, तुलेच सुचते," ते म्हणाले. "लय शहाणपण करशीन तं फडावर जाशीन." हॉल खदखदून हसला. निता खाली बसली आणि त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही.

परीक्षेत प्रश्न आला तो 4x³ − 24x² + 23x + k = 0 असा.

उत्तरतालिका जाहीर झाली तेव्हा सरांच्या बहुतेक पोरांचा हा प्रश्न चुकलेला दिसला. सगळ्यांनी एकच पर्याय निवडला होता, वजा सहाशे शहाण्णव. तालिकेत अठरा होतं. सर भडकले. "तालिकाच चुकली! हरकत घेऊ!" म्हणत ते निता समोर असतानाच खडू घेऊन फळ्याकडे गेले. चोवीस भागिले तीन, आठ. आठ टाकले, k वजा सहाशे शहाण्णवच आलं. मग हरकतीत दाखवायला बाकीची दोन मुळं काढायला गेले आणि ती निघेनात. आठ वेगळं काढल्यावर जे वर्गसमीकरण उरलं, त्याला खरी मुळंच नव्हती. सरांचा हात थांबला. त्यांनी फळा पुसला. चोवीस भागिले चार, बेरीज सहा. मधलं मूळ दोन. बत्तीस वजा शहाण्णव अधिक सेहेचाळीस, वजा अठरा. म्हणजे k अठरा. मुळं वजा अर्धा, दोन आणि साडेचार, अडीच-अडीचच्या अंतरानं नीट उभी.

"माह्यं अठराच आलं होतं, सर," निता मागून म्हणाली. "टिकबी केलं होतं. मंग तुमचं बोलणं आठोलं. मले वाटलं, मीच शहाणपण करून राह्यली. म्हून बदललं."

सरांना तिच्याकडे वळून बघवलं नाही. "एका प्रश्नानं काय होते?" एवढंच ते म्हणाले.

एका प्रश्नानं झालं. सरकारी कॉलेजची यादी लागली आणि तिची जागा तेवढ्याच मार्कांनी गेली.

त्या रविवारी सर मोटारसायकल काढून तिच्या तांड्यावर गेले. मनाशी पक्कं ठरवून गेले होते. गोविंदसिंगला तोंडावर सांगायचं, चूक पोरीची नाही, माझी आहे. तिला आणखी एक वर्ष द्या, मी स्वतः शिकवतो. वाटेत त्यांनी ही वाक्यं घोकलीसुद्धा.

गोविंदसिंगनं बाज टाकली. निताची आई रुखमाबाई चहा घेऊन आली. सर आपल्या दारी आले याचंच त्या घराला अप्रूप होतं. शेजारची माणसं गोळा झाली. एक-दोघांनी आपापली पोरं पुढं केली, यंदा यांनाही क्लासात घ्या म्हणून.

"सर, तुमी तं लय मेहनत घेतली," रुखमाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पैसाबी नाही घेतला. पोरीचंच डोस्कं कमी पडलं. तुमी मनाले लावून घेऊ नोका."

निता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सरांकडे बघत राहिली, आणि हा माणूस आता बोलेल अशी आशा तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

सरांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. पुढं केलेल्या पोरांकडे पाहिलं. घोकलेली वाक्यं जिभेवरच होती.

"हो," ते म्हणाले, "थोडी अजून मेहनत कराले पाह्यजे होती तिनं."

गोविंदसिंगनं मान हलवली. "मंग ठरलं," तो बायकोला म्हणाला, "मुकादमाले सांगतो, औंदा आपला एक कोयता वाढला."