दोरी तेवढीच, फरश्या किती?

सूर्यभान गुरुजींनी आयुष्यात कुणाला 'शाबास' म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही. उत्तर चुकलं की पोर उभं राहायचं. बरोबर आलं की गुरुजी नुसतं म्हणायचे, "बस खाली." तेवढ्या दोन शब्दांसाठी पोरं रात्री पाढे घोकत. सत्यशीला घोडकेही घोकायची. चौथीत तिनं 'बस खाली' मिळवलं नाही असं नाही, पण तिच्या लक्षात राहिलं ते उभं राहणंच. माणसाचं मन असंच असतं; पोटभर जेवलेलं विसरतं आणि दाताखाली आलेला खडा जन्मभर सांगत बसतं.

ती सत्यशीला पुढे नगरला राहून डी.एड. झाली, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेत नोकरीला लागली, तिथल्या भातखाचरांतून वाट काढत पोरांना घरून गोळा करून आणायला शिकली, आणि बदली घेऊन तिसगावजवळच्या आपल्याच वाडीच्या शाळेत पाचवीला आली. आई विमलबाईनं साऱ्या वस्तीला चहा पाजला. शाळेत मात्र अवघड जागचं दुखणं निघालं. चौथीला अजूनही सूर्यभान गुरुजीच होते. ते तिला पोरांसमोर जपून 'मॅडम' म्हणायचे, आणि ते ऐकलं की तिचे पाय आपोआप उभं राहण्याच्या तयारीला लागायचे.

त्यात वादळानं पाचवीच्या खोलीचे पत्रे उडवले. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसवायचे ठरले. खोली चांगली होती. ग्रामपंचायतीनं नुकतीच खाली स्टाइल बसवली होती. आमच्याकडे चकचकीत फरशीला स्टाइलच म्हणतात, आणि ती बसवली की घराची स्टाइल वाढते हेही खरंच आहे. दोन फूट बाय दोन फुटांची एकेक फरशी, म्हणजे एका पोराला मांडी घालून, दप्तर जवळ घेऊन बसायला अगदी बेतशीर.

वाटणी गुरुजींनी केली. शेतकऱ्याचा मुलगा, वाटणी म्हटलं की हातात दोरी आलीच. त्यांनी सुतळीचे दोन सारखे तुकडे कापले, सगळ्यांसमोर जोडून दाखवले आणि फरश्यांच्या सांध्यांवर खडूनं हद्दी आखून त्यांवर सुतळी चिकटवली. चौथीला फळ्यासमोर चौकोन मिळाला. मधे एका फरशीची वाट सोडून पाचवीला खिडकीकडेनं मागच्या दारापर्यंत लांबच लांब पट्टी.

"दोरी कुणाची पाव्हनी नसती," गुरुजी म्हणाले. "तुमाला तेवढी, आमाला तेवढी. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

पाचवीत बावीस पोरं होती. पट्टीत दोन-दोनच्या जोडीनं वीस बसली. निकिता आणि भागवत हे दोघे रोज सुतळीबाहेर, दाराच्या उंबऱ्याशी. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्यांच्या दप्तराला लागे, आणि साहेब, पालक, कुणीही आलं की आधी त्यांनाच विचारी, "का रे, उशिरा आलात का?" निकिताला त्याचा फार राग यायचा. ती घंटेआधी पाऊण तास शाळेत हजर असे.

सत्यशीलाला रोज वाटे, आज बोलावं. चौथीची एकोणीस पोरं तिकडे हातपाय पसरून बसतात हे तिला दिसत होतं. चूक कुठे आहे हेही तिला ठाऊक होतं. पण ज्यांनी आपल्याला गणित शिकवलं त्यांना सगळ्या खोलीसमोर गणित शिकवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा धीर करून ती म्हणाली, "गुरुजी, आमची दोन पोरं बाहेर राहतात." गुरुजींनी शांतपणे उत्तर दिलं, "मॅडम, दोरी मोजून घ्या." तिनं घरी जाऊन आईजवळ चरफड केली. विमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना नको सांगू. पोरांना शिकीव. भित्तीला कान असत्यात, गुरुजींना तर हायेतच."

झालं. दुसऱ्या दिवशी पाचवीला परिमिती आणि क्षेत्रफळाचा धडा निघाला. तो तसाही निघणारच होता.

सत्यशीलानं पट्टीभोवतीची सुतळी उचलली, दोन टोकांना गाठ मारली. गाठीनं थोडी सुतळी खाल्ली, म्हणून तेवढा तुकडा आणखी जोडला. चार पोरांना चार कोपऱ्यांच्या खुंट्या केलं. सुतळी त्यांच्या पायांभोवतून ताणायची, आणि ती फरश्यांच्या सांध्यावरूनच जायला हवी. आधी पोरांनी पट्टीच्या कडेनं फिरून सुतळी मोजली: दहा बाजू, दोन बाजू, परत दहा, परत दोन. फरशीच्या चोवीस बाजू.

"ही परिमिती. म्हणजे कुंपण. दोरी बदलायची नाही, खुंट्या हलवायच्या. आणि आत किती फरश्या येतात ते मोजायचं. ते क्षेत्रफळ," ती म्हणाली.

खुंट्या हलल्या. सुतळी एका फरशीच्या रुंदीवर आणली तेव्हा ती अकरा फरश्या लांब गेली, आणि आत अकराच फरश्या आल्या. कुणाचा विश्वास बसेना. पुन्हा दोन रुंद, दहा लांब: वीस. मग तीन रुंद केली. त्यासाठी मधली वाट घ्यावी लागली, लांबी नऊ झाली. फरश्या सत्तावीस.

खुंटी झालेला भागवत मोजता मोजता थांबला. "मॅडम, यात आमी दोगं बसतोय की."

"पन वाट बंद झाली," कुणीतरी म्हणालं.

चार रुंद करायला खुंट्या सरकल्या तशी सुतळी चौथीच्या हद्दीत शिरली. चौथीच्या पोरांनी शत्रू चालून आल्यासारखा गलका केला. निकिता सुतळी धरून तिथेच उभी राहिली. गेले कित्येक दिवस सत्यशीलाच्या ओठांवर आलेलं तिनं सरळ विचारून टाकलं. "मग गुरुजींच्या दोरीत किती हायेत?"

सूर्यभान गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मोज की. कोन नको म्हनतंय?"

निकिता चौथीच्या चौकोनाच्या कडेकडेनं, सुतळीला धरून, एकेका फरशीवर पाय देत निघाली. चौथीचं पोरगं मधे आलं तर त्याला बाजूला सारत. फेरी पुरी झाली. "वीस," ती म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला.

"आन तुमच्या?" गुरुजींनी विचारलं.

"वीसच."

"झालं तर मग." गुरुजी खुर्चीकडे वळले. सत्यशीलाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. काय चुकलंय ते तिला दिसत होतं, पण ती पाय जुळवून नुसती ताठ उभी राहिली. जणू ती अजून चौथीत होती.

बोलला तो भागवत. खुंटी म्हणून उभ्या उभ्या पाय अवघडल्यानं तो खाली बसला होता आणि त्याला फरश्या जवळून दिसत होत्या. "गुरुजी, हिनं बांध-बांधच मोजला. आतलं रान राहिलं की."

निकितानं मागे वळून पाहिलं. चौकोनाच्या आत तिनं पायही ठेवला नव्हता. आता ती आत शिरली, चारच्या चार ओळी मोजल्या. सोळा. वीस आणि सोळा, छत्तीस. मग ती पाचवीच्या पट्टीकडे धावली, दोन ओळींकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्यात आतच न्हाई. आमचा नुसता बांधच हाय."

चौथीचीसुद्धा पोरं हसली. सत्यशीला हसली, आणि हसता हसता तिची जीभ सुटली. तिनं कोपऱ्यातल्या फरशीवर बोट ठेवलं. "कडेनं चाललं तर फरश्या वीस, पण दोरी चोवीस बाजूंची. का? कोपऱ्याच्या फरशीला दोरी दोन बाजूंनी लागते. निकितानं ती एकदाच मोजली. चार कोपरे, चार बाजू राहिल्या. दोन्हीकडे दोरी चोवीसच आहे. गुरुजींनी दोरी बरोबरच कापली होती." शेवटचं वाक्य तिनं जरा मोठ्यानं म्हटलं.

गुरुजी चौकोनाच्या मधोमध उभे होते. त्यांनी छत्तीस फरश्यांवरून नजर फिरवली, मग पट्टीवरून. पोरांना वाटलं, आता कुणीतरी उभं राहणार.

"बांध सारका, पन रान सारकं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. मग चौथीकडे वळून: "उठा रे. दप्तरं उचला. छत्तीस आन वीस किती? त्याचं निम्मं कर कुनीतरी."

छप्पन्नाचं निम्मं अठ्ठावीस. तिथून पुढे कोण चौथीचं आणि कोण पाचवीचं हे कळेनासं झालं. दोन ओळी चौदांच्या केल्या तर खोलीच पुरेना. चार रुंद आणि सात लांब बरोबर बसलं: चार फरश्या चौथीच्या, मधे एका फरशीची वाट, चार पाचवीच्या. दोन्ही वर्ग फळ्यासमोर आले. गुरुजींनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि अर्धा फळाही देऊन टाकला. मागचं दार मोकळं झालं.

सुतळी नव्या हद्दीवर चिकटवताना निकिता ओरडली, "मॅडम, दोरी उरली." खरंच, दोन बाजूंएवढी, म्हणजे चार फूट सुतळी जास्त झाली होती. आता बावीस बाजूंतच काम भागलं होतं. गुरुजींनी ते उरलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. पाचवीची जागा वाढली आणि दोरी कमी लागली, हे त्यांच्या गळी उतरायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं असं पोरं पैजेवर सांगतात.

बावीसच्या बावीस पोरं सुतळीच्या आत बसली. निकितानं मुद्दाम पहिली ओळ धरली. चौथीची एकोणीस बसली. तिकडेही फरश्या उरल्या, इकडेही. साऱ्या खोलीत आता फक्त सत्यशीला उभी होती, मधल्या वाटेत, हातात खडू घेऊन. आणि समोर गुरुजी.

त्यांनी चष्मा नाकावर आणला, तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा 'मॅडम' ऐकायच्या तयारीत होती.

"बस खाली, सत्यशीले," गुरुजी म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर, पाचवीच्या मॅडम पोरांदेखत पहिल्या ओळीत, निकिताच्या शेजारच्या रिकाम्या फरशीवर, मांडी घालून बसल्या.